मिलच्या लोगोवरून गेलेल्या रेघा

जुन्या फोटोत भिंतीवरून किंवा आभाळावरून स्क्रॅच गेला असेल तर तो कॉम्प्युटरवर काढायला फार डोकं लागत नाही, हील टूल घ्यायचं, फिरवायचं, विषय संपला. पण तोच स्क्रॅच लोगोवरून गेला की सगळं अडतं. शर्टाची घडी जरा इकडेतिकडे झाली तर कुणाच्या बापाला कळत नाही, पण अक्षराचा काना वाकडा झाला की शाळेतलं पोरगं पण बोट दाखवेल. मध्यंतरी असा एक फोटो माझ्याकडे आला होता आणि त्यात लोगोवर एक नाही, चार-पाच प्रकारच्या रेघा आणि ठिपके होते, त्यामुळे जरा सविस्तर लिहितोय.

परळला माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे, लग्नपत्रिका, मंडळाच्या पावत्या, बॅनर असलं काम. लालबागचे एक तात्या नेहमी येतात झेरॉक्स काढायला, मिलमध्ये साचेखात्यात होते, १९८२ च्या संपानंतर परत कामावर गेलेच नाहीत. त्यांनी हा फोटो आणला. सहा बाय आठ इंची ब्लॅक अँड व्हाईट प्रिंट, मिलची कबड्डी टीम, पुढे ढाल, आणि मागे लाकडी बोर्डावर पेंटरने हाताने रंगवलेला मिलचा गोल लोगो. मिलचं नाव इथे देत नाही, त्याने काही फरक पडत नाही. लोगो कसा आहे ते मात्र सांगायला हवं. बोर्ड काळपट, त्यावर पांढरट दातेरी चक्र, चक्राच्या आत पांढरी पट्टी आणि त्या पट्टीवर काळी अक्षरं, वरच्या कमानीत मिलचं नाव आणि ‘मिल्स लिमिटेड’, खालच्या कमानीत ‘मुंबई’, आणि अगदी मध्ये काळ्या गोलात पांढरी बॉबिन. प्रिंटवर हा सगळा लोगो मोजून १४ मिलीमीटर. नखाएवढा.

फोटो पोटमाळ्यावर ट्रंकेत होता, मुंबईची हवा खाऊन खाऊन थोडा वाकलेला. पुसायचा मोह होतो पण ओला कपडा लावायचाच नाही, वरचा थर जिलेटिनचा असतो, पाणी लागलं की फुगतो आणि मऊ पडतो, मग धूळ निघायच्या ऐवजी घासली जाऊन नवीन स्क्रॅच. मी फक्त रबरी ब्लोअरने हवा मारली आणि मऊ ब्रश हलकेच फिरवला. स्कॅनरची काच मात्र नीट पुसली.

पूर्ण फोटो ६०० डीपीआयला घेतला आणि लोगोचा भाग वेगळा १२०० ला. प्रिंटमध्ये एवढी बारीक माहिती असते म्हणून नाही, ६०० च्या पुढे सहसा नवीन काही मिळत नाही, पण रिपेअर करायला जागा मिळते. १२०० ला १४ मिलीमीटरचा लोगो ६६० पिक्सेलचा होतो आणि स्क्रॅच सातेक पिक्सेल जाड दिसतो, तेवढी जाडी असली की ब्रशला काहीतरी धरता येतं. आणि हो, स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्ये डस्ट रिमूव्हल आणि शार्पनिंगचे जे टिक असतात ते दोन्ही काढून टाका. डस्ट रिमूव्हलला धूळ आणि अक्षराची वेलांटी यातला फरक कळत नाही, बारीक आहे ना, मग खाऊन टाकतो. काही फिल्म स्कॅनरमध्ये इन्फ्रारेडने धूळ ओळखायची सोय असते, ती इथे उपयोगाची नाही, ते कलर निगेटिव्हच्या आरपार प्रकाश टाकून चालतं, आपल्याकडे कागदावरची प्रिंट आहे. ब्लॅक अँड व्हाईट असला तरी कलरमध्येच स्कॅन केला, १६ बिट टिफ. पिवळे डाग निळ्या चॅनेलमध्ये सगळ्यात जास्त दिसतात आणि लाल चॅनेलमध्ये बरेचसे गायब असतात, त्यामुळे पुढचं सगळं काम मी लाल चॅनेल उचलून त्यावर केलं.

आता स्क्रीनवर लोगो शंभर टक्क्यांना उघडला तर काय काय दिसत होतं. एक, डावीकडून वरून उजवीकडे खाली जाणारी जाड पांढरी रेघ, दोन दाते, ‘मिल्स’ मधला मि आणि बॉबिनचं टोक कापत गेलेली. दोन, अगदी सरळ उभी, केसाएवढी फिकट रेघ, लोगोच्या वरूनही आणि खालीही जाणारी. तीन, बॉबिनपासून निघून वळत वळत पांढऱ्या पट्टीला टेकणारी एक नाजूक पांढरी रेघ. चार, ‘मुंबई’ वर एक सोडून दोन काळे ठिपके. शिवाय किरकोळ पांढरी धूळ सगळीकडे. या टप्प्यावर ब्रश हातात घ्यायचाच नाही. आधी प्रत्येक रेघ कुणाची आहे ते ठरवायचं, स्कॅनरची, प्रिंटची, निगेटिव्हची की लोगोची स्वतःची. माझं तर मत आहे की अर्ध्याहून जास्त काम हेच आहे, पुढचं नुसतं हाताचं काम.

पहिली चाचणी सोपी. फोटो काचेवर अर्धा फिरवायचा, म्हणजे वरची कड खालच्या कडेच्या जागी, आणि परत स्कॅन करायचा, मग कॉम्प्युटरवर १८० अंश फिरवून पहिल्या स्कॅनवर ठेवायचा. जी रेघ फोटोबरोबर फिरली ती फोटोची, जी फोटोवरच्या जागेवरून हलली ती स्कॅनरची. ती सरळ उभी रेघ दुसऱ्या स्कॅनमध्ये लोगोवर नव्हतीच, ती आता कडेच्या प्लेअरच्या खांद्यावरून जात होती. ही रेघ कशाने येते ते बऱ्याच जणांना माहीत नसतं, काच पुसत बसतात. स्कॅन सुरू व्हायच्या आधी स्कॅनर आतल्या एका पांढऱ्या पट्टीकडे बघून स्वतःचा प्रत्येक सेन्सर सेट करतो, त्या पट्टीवर धुळीचा कण असेल तर त्या जागेच्या सेन्सरला वाटतं आपल्याला प्रकाश कमी मिळतोय, मग तो पूर्ण स्कॅनभर जास्त उजळ रीडिंग देतो, आणि आपल्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत एक फिकट सरळ रेघ मिळते. काचेवरचा कण एका जागी ठिपका देतो, पट्टीवरचा कण पूर्ण रेघ देतो. माझ्या स्कॅनरमध्ये ती पट्टी काचेच्या आतल्या बाजूला आहे, उघडायचं म्हणजे वेगळंच लफडं, म्हणून फोटो दोन सेंटीमीटर सरकवला आणि लोगोचा स्कॅन परत घेतला. रेघ लोगोवरून हटली, रिपेअर करायची गरजच संपली. हीच रेघ क्लोन करून काढत बसलो असतो तर सहा अक्षरांच्या कडा उगाच हाताळाव्या लागल्या असत्या.

दोन स्कॅन हातात असण्याचा अजून एक फायदा आहे, सुट्टी धूळ. दोन स्कॅनच्या मध्ये ब्लोअर मारला की कण जागा बदलतात, पहिल्या स्कॅनमध्ये जिथे पांढरा कण आहे तिथे दुसऱ्यात स्वच्छ फोटो असतो. मी गिम्प वापरतो, त्यात दुसरा स्कॅन वरच्या लेयरला टाकून आधी मोड डिफरन्स करायचा आणि लेयर सरकवत, थोडा फिरवत जास्तीत जास्त काळं दिसेपर्यंत जुळवायचा. जुळलं की मोड डार्कन ओन्ली, म्हणजे दोन्हीपैकी जो गडद तोच दिसतो, पांढरे कण आपोआप जातात. पण हे पूर्ण लेयरला लावून ठेवायचं नाही हं, अर्ध्या पिक्सेलचा जरी फरक राहिला तरी काळी अक्षरं किंचित जाड होतात, दोन्ही स्कॅनमधला काळा मिळून. म्हणून लेयरला काळा मास्क, म्हणजे तो पूर्ण झाकला जातो, आणि फक्त कण असतील तिथे पांढऱ्या ब्रशने टिपके मारायचे. लोगोवरची सुट्टी धूळ अशीच गेली, एकाही ठिकाणी काही बनवावं लागलं नाही, जे आलं ते त्याच फोटोतून आलं.

दुसरी चाचणी तिरक्या उजेडाची. प्रिंट हातात धरायची, मोबाईलचा टॉर्च जवळजवळ प्रिंटच्या पातळीला आडवा धरायचा आणि बघायचं. जाड पांढरी रेघ लगेच खड्ड्यासारखी चमकली, म्हणजे थर खरवडला गेलाय आणि खालचा कागद दिसतोय, त्या जागेची माहिती कायमची गेली. स्कॅनमध्येही याची खूण सापडते. स्कॅनरचा दिवा एका बाजूने असतो, त्यामुळे खरवडलेल्या रेघेची एक कड गडद आणि दुसरी चमकती येते, आणि उलटा फिरवून घेतलेल्या स्कॅनमध्ये ती गडद कड दुसऱ्या बाजूला जाते. याचा कामाच्या दृष्टीने अर्थ असा की पांढरी रेघ सात पिक्सेल दिसत असली तरी खराब भाग दहा-अकरा पिक्सेलचा धरायला हवा. नुसती पांढरी रेघ भरली तर दोन्ही बाजूंना सावलीच्या दोन बारीक रेघा राहतात, आणि लोक म्हणतात की काढला तरी दिसतोय.

‘मुंबई’ वरचे दोन ठिपके मात्र तिरक्या उजेडात काहीच दाखवत नव्हते, दोन्ही ठिकाणी प्रिंट सपाट. एक मुं वरचा अनुस्वार असणार हे उघड आहे, दुसरा ब च्या वर होता. पेंटरने मुंबंई लिहिलं असेल असं काही नाही, पण ठिपका कुठून आला हे कळल्याशिवाय मी पुसत नाही. इथे तिसरी चाचणी लागते, कडेची. बोर्ड टीमच्या मागे काही फुटांवर होता आणि फोकस टीमवर होता, त्यामुळे बोर्डावरची प्रत्येक गोष्ट किंचित मऊ आहे. ४०० टक्के झूम करून मोजलं तर अक्षराच्या काळ्यापासून पट्टीच्या पांढऱ्यापर्यंत जायला पाच-सहा पिक्सेल लागतात. अनुस्वाराच्या ठिपक्यालाही तेवढेच लागत होते. दुसऱ्या ठिपक्याची कड दोन पिक्सेलमध्ये संपत होती. बोर्डावरची कुठलीही गोष्ट लेन्समधून आलेली आहे, ती बोर्डापेक्षा जास्त शार्प असूच शकत नाही, म्हणजे हा ठिपका लेन्सच्या नंतर आलाय, निगेटिव्हवर. निगेटिव्हच्या थराला टाचणीएवढं भोक असलं की एन्लार्जरमध्ये तिथून प्रकाश जास्त जातो आणि प्रिंटवर काळा ठिपका येतो. निगेटिव्हवर धूळ बसली असेल तर उलट, प्रकाश अडतो आणि प्रिंटवर पांढरा ठिपका. दोन्ही वेळेला प्रिंट सपाटच असते, हात फिरवून काही कळत नाही. ब वरचा ठिपका गेला, मुं वरचा राहिला.

तिसऱ्या नाजूक रेघेने मला जास्त वेळ अडकवलं. दिसायला अगदी कपड्याचा धागा स्कॅनरवर पडल्यासारखी, पांढरी, वळलेली. पण फिरवलेल्या स्कॅनमध्ये तिथेच होती, तिरक्या उजेडात खड्डा नाही, आणि कड अक्षरांइतकीच मऊ. म्हणजे बोर्डावरचीच. तरी खात्री करावी म्हणून तात्यांना बोलावलं, स्क्रीनवर दाखवलं.

“तात्या, ही बॉबिनजवळची रेघ काय आहे, आठवतंय का?”

“रेघ कसली रे, सूत आहे ते! तेच पुसलंस तर राहिलं काय, नुसतं लाकूड?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी मिलचा जुना गेटपास आणून दिला, त्यावर छापील लोगो, त्यात सूत बॉबिनला गुंडाळून बाहेर येताना स्पष्ट दिसत होतं. दुकानात बसलेला एक पोरगा लगेच म्हणाला, मग हाच स्कॅन करून त्या बोर्डावर चिकटवा ना, क्लीन येईल एकदम. क्लीन येईल हे खरं, आणि तीच भानगड आहे. बोर्डावरचा पांढरा हा पांढरा नाहीये, पूर्ण पांढऱ्याच्या २५५ च्या जागी १९० च्या आसपास आहे, काळा ४५ च्या आसपास, कडा मऊ आणि वर फिल्मचा दाणा. त्यावर छापील लोगो टाकला तर तो बोर्डावर न राहता फोटोच्या वर तरंगतो, स्टिकर लावल्यासारखा. दुसरं म्हणजे गेटपासवरच्या चक्राला सोळा दाते होते आणि बोर्डावर अठरा. पेंटरने त्याच्या हिशोबाने अठरा काढले, आता आपण कोण ते सोळा करणारे. गेटपास मी फक्त सूत कुठल्या बाजूने निघतं ते बघायला वापरला आणि परत दिला.

आता राहिली ती एकच जाड रेघ. इथे हील का चालत नाही ते सांगतो. हील टूल आपण दाखवलेल्या जागेचा पोत उचलतं आणि टोन मात्र जिथे लावतोय तिथल्या आजूबाजूचा घेतं. आजूबाजूला सगळं एकाच रंगाचं असेल तर जादू आहे. पण कडेवर एका बाजूला १९० आणि दुसऱ्या बाजूला ४५ असतं, मग ते दोन्हीचं मिश्रण करतं आणि अक्षराच्या पोटात राखाडी धूर भरतो. म्हणून नियम असा ठेवला की कडेपासून दहा-बारा पिक्सेल लांब असेल तिथे हील, त्याच्या आत क्लोन, ते दाखवलेली जागा जशीच्या तशी उमटवतं. क्लोनचा ब्रश दहा पिक्सेल, हार्डनेस साधारण सत्तर टक्के, म्हणजे ब्रशची कड फोटोच्या कडेइतकीच मऊ पडते. आणि क्लोनचा मोड डार्कन ओन्ली, जिथे काळ्या अक्षरावरून पांढरी रेघ गेलीय तिथे, म्हणजे फक्त पांढरं झालेलंच गडद होतं, बाकीचा दाणा हलत नाही. सगळं वेगळ्या लेयरवर, जे दिसतंय त्याची कॉपी काढून.

सरळ कडेवर क्लोन सोपा, कडेवरूनच सोर्स घ्यायचा आणि कडेच्याच दिशेने पुढे जायचं. पण इथे सगळं गोल. गोल कडेवर दहा पिक्सेल पुढे गेलं की सोर्सची कड आणि आपली कड जुळत नाही, बारीक पायऱ्या दिसायला लागतात. यावर एक युक्ती आहे आणि गोल लोगो, गोल शिक्के, नाणी यांच्यासाठी मी नेहमी हीच वापरतो. लोगोची कॉपी करायची आणि ती लोगोच्याच केंद्राभोवती तीन-चार अंश फिरवायची. वर्तुळ स्वतःच्या केंद्राभोवती फिरवलं तरी वर्तुळ जिथल्या तिथेच राहतं, पण स्क्रॅच मात्र बाजूला सरकतो. मग फिरवलेल्या लेयरला काळा मास्क आणि मूळ स्क्रॅचवरून पांढऱ्या ब्रशने एक रेघ ओढायची, की पट्टीच्या दोन्ही कडा आणि आतला काळा गोल, सगळे एका झटक्यात जोडले जातात, कुठेही पायरी नाही.

फक्त त्याच्या आधी एक गोष्ट करावी लागते. फोटोग्राफर बोर्डाच्या थोडा बाजूला उभा होता, म्हणून लोगो खरं तर वर्तुळ नाही, उंची ६६० पिक्सेल आणि रुंदी ६१०. असा लंबगोल फिरवला की कडा सुटतात. म्हणून कॉपीची रुंदी आधी ताणून ६६० केली, केंद्रावर दोन गाईड टाकले, फिरवलं, आणि परत रुंदी ६१० वर आणली. या ताणाताणीत दाणा थोडा मऊ होतो, पण मास्कमधून जेमतेम दहा-बारा पिक्सेलची पट्टी दिसणार असते, बाकी सगळा मूळ फोटोच आहे.

दात्यांसाठीही तेच, अठरा दाते म्हणजे एकेक वीस अंशावर, शेजारचा चांगला दाता वीस अंश फिरवून खराब दात्यावर. पेंटरने काही कोनमापक घेऊन काढलेले नव्हते, एक दाता वीसला बसला, दुसऱ्याला एकवीस-साडेएकवीस लागले, ते डोळ्याने जुळवले. दात्याचा तुटलेला कोपराच तेवढा घेतला, पूर्ण दाता नाही.

मि ला मात्र घाम काढला. रेघ म च्या गाठीतून आणि उभ्या दांड्याच्या खालच्या टोकातून गेली होती, गाठ जवळजवळ गायब. दुसरा म शोधायचा तर ‘मुंबई’ मध्ये आहे, पण तो चालत नाही, कारण खालच्या कमानीतली अक्षरं सरळ वाचता यावीत म्हणून उलट्या बाजूने वळवलेली असतात, त्यांचं डोकं केंद्राकडे असतं आणि वरच्या अक्षरांचे पाय केंद्राकडे. कितीही फिरवलं तरी वळण विरुद्ध राहतं. ‘लिमिटेड’ मध्ये अजून एक मि आहे, वरच्याच कमानीत, चाळीस-एक अंश पुढे. तो केंद्राभोवती मागे फिरवून आणला. शिरोरेषा बरोबर बसली, दांडा बसला, पण गाठ जुळेना, पेंटरने लिमिटेडमधल्या म ची गाठ जागा कमी पडल्यामुळे बहुतेक दाबून काढलीय. शेवटी लेयर थोडा मोठा केला आणि मास्कमधून फक्त गाठीचा तळ आणि दांड्याचं टोक उघडलं. गाठीचा वरचा अर्धा भाग मूळचाच आहे, स्क्रॅचच्या वर शिल्लक होता. उजवीकडची पट्टी डावीकडच्यापेक्षा थोडी अंधारी होती, ते लेव्हल्सने सात-आठ पॉइंट वर आणलं, नाहीतर अक्षराभोवती चौकट दिसते. फिरवलेल्या तुकड्यांवर शेवटी थोडा नॉईज, कलरचा नाही, फक्त उजेडाचा, आजूबाजूच्या दाण्याशी जुळेल इतकाच.

झालं असं वाटलं की तपासायची एक रीत आहे. सगळ्यात वर एक लेयर, त्यात जे दिसतंय त्याची कॉपी, आणि तिला खूप खडा कर्व्ह, म्हणजे मधले टोन ओढून एकदम काळे नाहीतर पांढरे. नॉर्मल बघताना जे डाग डोळ्याला दिसत नाहीत ते यात ढगासारखे उठून येतात. मला पट्टीवर दोन ठिकाणी हीलचा गुळगुळीतपणा दिसला, दाणा नसलेला, तिथे परत क्लोन केला. मग कॅनव्हास आडवा उलटवून आरशासारखा बघितला, कारण तासभर एकच अक्षर बघितल्यावर डोळा वाकडं पण सरळ मानायला लागतो, उलटं केलं की अक्षर वाचता येत नाही, नुसता आकार दिसतो. मि मधला दांडा एका पिक्सेलने डावीकडे निघाला, सरकवला. लोगोचा तुकडा अर्धा लहान करून ६०० च्या फोटोवर बसवला, तोही डिफरन्स मोडमध्येच जुळवून, आणि मॅट पेपरवर मूळ मापात प्रिंट काढली. त्या प्रिंटवर स्क्रॅच कुठून गेला होता ते मला माहीत असूनही शोधावं लागलं.

तात्यांना प्रिंट आवडली पण लगेच पुढची मागणी. प्लेअरच्या बनियनवर छातीला तोच लोगो आहे, छोटा, तोही असाच कोरून दे म्हणाले. तो प्रिंटवर तीन मिलीमीटरचा आहे. १२०० ला १४० पिक्सेल होतात खरे, पण त्यात अक्षरं नाहीतच, दाण्यांचा गोल पुंजका आहे आणि मध्ये एक फिकट काडी, ती बॉबिन असावी. ते लेन्सनेच कधी पकडलं नाही, स्क्रॅचने काही नेलेलं नाही, मग परत काय आणणार. तिथे मी फक्त एकाच्या छातीवरून गेलेली त्याच स्क्रॅचची शेपटी हीलने काढली, कापडावर हील मस्त चालतं, आणि पुंजका पुंजकाच ठेवला. तात्या थोडे नाराज झाले, म्हणाले आमच्या कॅप्टनच्या छातीवर तरी काढ. मी म्हटलं कॅप्टन कोण ते सांगा, त्यांच्या नावाची चिठ्ठी फोटोच्या मागे लावू. मग पुढचा अर्धा तास ते नावं सांगत बसले आणि मी लिहून घेतली, डावीकडून उजवीकडे, उभे आणि बसलेले.

पेन ड्राइव्हवर तीन फायली दिल्या, हात न लावलेला स्कॅन, लेयरवाली फाईल आणि प्रिंटची जेपेग. पहिल्या फायलीत सगळे स्क्रॅच जसेच्या तसे आहेत आणि ती डिलीट करू नका असं त्यांच्या नातवाला फोन करून वेगळं सांगितलं.